हप्ते झेपेनासे झाले तर: एंडोमेंट पॉलिसी पेड-अप करण्याचा अर्ज आणि त्याचे परिणाम

पॉलिसी पेड-अप करणे म्हणजे पुढचे हप्ते कायमचे थांबवणे आणि आजवर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात लहान झालेली पॉलिसी मूळ मुदतीपर्यंत तशीच चालू ठेवणे. पॉलिसी मोडत नाही आणि हातात लगेच पैसेही येत नाहीत. मुदत संपल्यावर, किंवा त्याआधी विमेदाराचा मृत्यू झाल्यास, ती लहान झालेली रक्कम मिळते. नोकरी गेली, धंदा बसला, घरात मोठे आजारपण आले आणि हप्त्यापुरतेही पैसे उरत नाहीत, अशा वेळी हा मार्ग उपयोगी पडतो. मात्र तो धरण्याआधी काय विचारायचे, अर्जात नेमके काय लिहायचे आणि नंतर काय तपासायचे हे माहीत असले पाहिजे. हा लेख त्याबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. पेड-अप ही कंपनीने दया म्हणून दिलेली सवलत नाही. पॉलिसीच्या अटींत ठरलेली किमान वर्षे हप्ते भरले असतील तर तो तुमचा हक्क आहे. एके काळी असे नव्हते. एक हप्ता चुकला की वर्षानुवर्षे भरलेले सगळे पैसे जप्त होत. 1861 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एलिझर राइट यांच्या खटपटीतून या जप्तीला आळा घालणारा कायदा झाला. साठलेले मूल्य भरणाऱ्याचे असते, हे तत्त्व पुढे ठिकठिकाणच्या कायद्यांत आले. भारताच्या 1938 च्या विमा कायद्यातही कलम 113 आहे. त्यानुसार सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडल्यास मिळणारी रक्कम, आलेली पॉलिसी पुढचा हप्ता न भरल्यामुळे संपत नाही, ती पेड-अप रकमेपुरती जिवंत राहते. म्हणून अर्ज लिहिताना गयावया करण्याचे कारण नाही. अडचणीबद्दल एक साधे वाक्य पुरते.

मग अर्ज कशाला करायचा?

हा प्रश्न रास्त आहे. अनेक पॉलिसींत किमान वर्षे भरून झाली असतील आणि हप्ता थांबला, तर पॉलिसी आपोआप पेड-अप होते. तरीही गप्प बसून हप्ते बंद करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे काही पॉलिसींत हप्ता चुकल्यावर कंपनी तो तुमच्याच सरेंडर व्हॅल्यूतून कर्ज म्हणून भरून घेते. वरवर पाहता विमा पूर्ण चालू राहतो, पण आत दर वर्षी कर्ज आणि त्यावरचे व्याज चढत जाते. कर्जाची रक्कम सरेंडर व्हॅल्यूइतकी झाली की पॉलिसी संपते आणि हातात काहीच उरत नाही. काही पॉलिसींत वेगळीच तरतूद असते. साठलेले मूल्य वापरून पूर्ण रकमेचे संरक्षण ठरावीक काळापुरते चालू ठेवतात आणि तो काळ संपला की मुदतीअखेरीस काही मिळत नाही. तुम्ही काही कळवले नाही, तर यातली कोणती तरतूद लागू होईल हे पॉलिसीच्या अटी ठरवतात. तुमची इच्छा काय होती हे कोणी विचारत नाही.

दुसरे कारण आकड्यांचे आहे. भरलेले हप्ते किती धरले, बोनस किती जमा दाखवला, कर्ज किती बाकी आहे, हे आजच्या तारखेला लेखी मिळाले तर चूक असल्यास आजच सापडते. मुदत संपताना, दहा-बारा वर्षांनी, जुन्या पावत्या शोधत भांडणे फार अवघड जाते.

पायरी पहिली: बॉण्ड काढा आणि चार गोष्टी शोधा

पॉलिसीचा मूळ बॉण्ड समोर ठेवा. त्यात पेड-अप व्हॅल्यू किंवा हप्ते थांबल्यावर मिळणारे लाभ, अशा मथळ्याचे कलम असते. किमान किती वर्षांचे हप्ते भरलेले हवेत हे तिथेच लिहिलेले असते. ती अट पूर्ण नसेल तर पेड-अपचा प्रश्नच येत नाही, पॉलिसी लॅप्स होते. अशा वेळी किमान अटीला एखादाच हप्ता कमी पडत असेल, तर कुठूनही सोय करून तो भरणे बहुधा फायद्याचे ठरते. त्या एका हप्त्यावर आधीचे सगळे पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हप्ते भरण्याची मुदत. ती पॉलिसीच्या मुदतीइतकीच असेल असे नाही. वीस वर्षांच्या पॉलिसीत हप्ते पंधराच वर्षे भरायचे असू शकतात, आणि पेड-अपचे प्रमाण त्या पंधरावर निघते.

तिसरे, पॉलिसीला कोणते रायडर जोडले आहेत ते पाहा: अपघाती मृत्यू, गंभीर आजार, हप्ता माफी वगैरे. चौथे, पॉलिसी कोणाच्या नावे असाइन केली आहे का ते पाहा. घराच्या किंवा इतर कर्जासाठी पॉलिसी तारण दिली असेल, तर तिच्यावरचा हक्क त्या बँकेकडे गेलेला असतो. तिची लेखी संमती नसेल तर तुमचा अर्ज पुढे सरकणार नाही. नॉमिनीच्या सहीची मात्र गरज नसते.

इथे हप्ता माफीच्या रायडरबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या ठिकाणी झालेले नुकसान भरून निघत नाही. आर्थिक ओढ आजारपणामुळे किंवा अपघाताने आलेल्या अपंगत्वामुळे असेल आणि पॉलिसीला हप्ता माफीचा रायडर असेल, तर आधी त्याचा दावा करा. दावा मंजूर झाला तर पुढचे हप्ते भरल्यासारखे धरले जातात आणि पूर्ण विमा चालू राहतो. पेड-अप केल्यावर हप्तेच थांबतात, म्हणून हा रायडरही तिथेच संपतो. दाव्याचा निर्णय लागायच्या आत पेड-अपचा अर्ज देऊन बसू नका. गंभीर आजाराच्या रायडरचेही तसेच आहे. निदान झालेले असेल तर आधी दावा करा, पेड-अपचे नंतर पाहा.

पायरी दुसरी: आधी आकडे मागवा

पेड-अपचा अर्ज देण्याआधी कंपनीकडून लेखी कोटेशन मागवा. काउंटरवर तोंडी विचारलेला आकडा ऐकून निर्णय घेऊ नका. पुढच्या हप्त्याच्या देय तारखेला पॉलिसी पेड-अप केली तर पेड-अप रक्कम किती होईल, आजवर जमा झालेला बोनस किती आहे, त्याच तारखेची सरेंडर व्हॅल्यू किती आहे, पॉलिसीवरचे कर्ज आणि व्याज किती बाकी आहे आणि पॉलिसी पुन्हा पूर्ववत करायची झाल्यास शेवटची तारीख कोणती, एवढे सगळे एकाच पत्रात विचारा. ईमेलने विचारले तर उत्तराची नोंद आपोआप राहते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत धरून पाहू. रकमा समजुतीसाठी घेतल्या आहेत, चलन तुमच्या पॉलिसीचे धरा.

समजा, छापखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांनी बोनससह मिळणारी एंडोमेंट पॉलिसी घेतली. विमा रक्कम 5,00,000 आहे, मुदत 20 वर्षे आणि हप्तेही 20 वर्षे. वार्षिक हप्ता 26,000. आठ हप्ते भरून झाले आणि छापखाना बंद पडला. नवव्या हप्त्याची तारीख दोन महिन्यांवर आली आहे. मधल्या काळात त्यांनी पॉलिसीवर 60,000 कर्जही काढले आहे.

पेड-अप रक्कम काढायची रीत साधी आहे. भरलेल्या हप्त्यांच्या संख्येला भरायच्या एकूण हप्त्यांनी भागायचे आणि विमा रकमेने गुणायचे. इथे 8 भागिले 20, गुणिले 5,00,000, म्हणजे 2,00,000. या रकमेत आजवर जमा झालेला बोनस मिळवायचा. बोनस दर वर्षी हजारी 40 जाहीर झाला असे धरले, तर वर्षाला 20,000 आणि आठ वर्षांचे 1,60,000 होतात. एकूण 3,60,000. मुदत संपेल तेव्हा, म्हणजे बारा वर्षांनी, ही रक्कम मिळेल. त्याआधी मृत्यू झाला तर नॉमिनीला तेवढीच मिळेल.

हप्ता तिमाही किंवा मासिक असेल तर प्रमाण वर्षांवर काढलेले नाही ना, हे तपासा. समजा याच गृहस्थांचा हप्ता तिमाही असता आणि आठ वर्षे पूर्ण होऊन नवव्या वर्षाचेही दोन हप्ते भरलेले असते, तर एकूण 80 पैकी 34 हप्ते झाले. रक्कम 2,12,500 येते, 2,00,000 नव्हे. त्या दोन हप्त्यांनी 12,500 ची भर घातली आहे. तुमच्या पॉलिसीच्या कलमात हप्त्यांची संख्या धरायला सांगितली असेल आणि कोटेशनमध्ये पूर्ण वर्षेच धरली असतील, तर ते कलम दाखवून दुरुस्ती मागा. हप्ते पंधराच वर्षे भरायचे असतील तर भागाकार 15 ने व्हायला हवा. आठ वार्षिक हप्त्यांना रक्कम सुमारे 2,66,667 येते, 2,00,000 नाही. कोटेशन हातात आल्यावर सगळ्यात आधी तपासावा असा हाच आकडा आहे.

पायरी तिसरी: काय जाते, काय राहते

या गृहस्थांना अर्ज देण्याआधी आपल्या घरच्यांना काय सांगावे लागेल ते पाहू.

संरक्षण जवळजवळ निम्मे होते. आज त्यांचा मृत्यू झाला तर घरच्यांना 5,00,000 आणि जमा बोनस 1,60,000 मिळून 6,60,000 मिळाले असते. पेड-अपनंतर 3,60,000 मिळतील, आणि दोन्ही बाबतींत कर्ज आधी वजा होईल. माझ्या मते पेड-अपचा खरा खर्च हाच आहे, आणि नेमका तोच लोकांच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचे लक्ष मुदतीअखेरच्या रकमेकडे असते. घरात कमावणारा एकच असेल आणि त्याच्या डोक्यावर कर्ज असेल, तर कमी खर्चाचा साधा टर्म विमा मिळतो का हे पेड-अपच्या आधी पाहावे. प्रकृती चांगली असताना तो मिळण्याची शक्यता जास्त असते.

बोनस पुढे वाढत नाही. बहुतेक पॉलिसींत पेड-अपच्या तारखेनंतर जाहीर होणाऱ्या बोनसमध्ये या पॉलिसीचा वाटा नसतो. जमा झालेला बोनस शाबूत राहतो, पण त्यावरही नवे काही चढत नाही. मुदतीअखेरीस पूर्ण हप्ते भरणाऱ्यांना मिळणारा जादा अंतिम बोनसही अनेक पॉलिसींत पेड-अपला लागू होत नाही. म्हणजे ते 3,60,000 बारा वर्षे जिथल्या तिथे राहतील. बारा वर्षांत महागाईने त्यांची किंमत किती उरेल, याचा विचार ज्याचा त्याने करायचा आहे.

रायडर संपतात. त्यांचा वेगळा हप्ता असतो, तो थांबला की त्यांचे संरक्षण थांबते. रायडरमध्ये भरलेल्या पैशांचे साधारणपणे पेड-अप मूल्य होत नाही. म्हणून पावतीवरच्या एकूण हप्त्यावरून हिशेब केला तर तो चुकतो.

राहिले कर्ज. पेड-अप केल्याने ते मिटत नाही आणि व्याजही थांबत नाही. 60,000 वर दर साल 10 टक्के चक्रवाढ व्याज धरले आणि मधे काहीच भरले नाही, तर बारा वर्षांत ते सुमारे 1,88,000 होते. 3,60,000 पैकी निम्म्याहून जास्त तिथेच जातात आणि हातात सुमारे 1,72,000 येतात. दर वर्षी फक्त 6,000 व्याज भरत राहिले तर मूळ 60,000 तेवढेच राहतात आणि शेवटी 3,00,000 मिळतात. हप्त्याचे 26,000 झेपत नसले तरी व्याजाचे 6,000 झेपतात का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. कर्ज वाढत जाऊन सरेंडर व्हॅल्यूला भिडले तर पेड-अप पॉलिसीसुद्धा कंपनी बंद करू शकते.

सरेंडर करून पैसे घ्यावेत का? कोटेशनमध्ये सरेंडर व्हॅल्यू 1,50,000 आली असे समजू. आजचे 1,50,000 आणि बारा वर्षांनंतरचे 3,60,000 यांच्यामध्ये वर्षाला साधारण साडेसात टक्क्यांची वाढ आहे, शिवाय मधल्या काळात थोडेफार संरक्षणही आहे. हाताशी जास्त व्याजाचे कर्ज नसेल आणि घर कसेबसे चालत असेल, तर इतकी वाढ सोडून पॉलिसी मोडू नये. पण सावकाराचे किंवा क्रेडिट कार्डाचे व्याज यापेक्षा कितीतरी चढे असेल, तर सरेंडर करून ते फेडणे शहाणपणाचे. हा हिशेब प्रत्येकाने आपल्या कोटेशनच्या आकड्यांवर करावा. पेड-अप केल्यानंतरही पुढे कधी गरज पडली तर सरेंडरचा मार्ग साधारणपणे खुला राहतो. उलट्या दिशेने मात्र परत येता येत नाही.

अडचण चार-सहा महिन्यांची असेल तर हप्ता वार्षिकऐवजी मासिक करून घेता येतो का, किंवा विमा रक्कम कमी करून लहान हप्त्यावर पॉलिसी चालू ठेवता येते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

पायरी चौथी: तारीख नीट निवडा

अर्जात एक तारीख लिहायची असते आणि तिथे पुष्कळ जण घाई करतात. “आजपासून पेड-अप करावी” असे लिहिले, तर ज्या काळाचा हप्ता आधीच भरून झाला आहे त्या काळातले पूर्ण संरक्षण तुम्ही स्वतःहून सोडून देऊ शकता. या गृहस्थांचा आठवा हप्ता पुढच्या देय तारखेपर्यंतचा आहे, म्हणजे अजून दोन महिने पूर्ण विमा त्यांच्या हक्काचा आहे. त्यानंतर सवलतीचे दिवसही असतात. पुष्कळ पॉलिसींत वार्षिक हप्त्याला ते 30 आणि मासिक हप्त्याला 15 असतात, आणि त्या दिवसांत मृत्यू झाला तर थकलेला हप्ता वजा करून पूर्ण रक्कम मिळते. म्हणून अर्जात “पुढील देय तारखेस येणारा हप्ता न भरता, पॉलिसीच्या अटींनुसार” असे शब्द वापरा. तारखेचे काम अटींवर सोपवा, आजची तारीख घालू नका.

हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर तो थांबवण्याची सूचना बँकेलाही द्यावी लागते. कंपनीची पोच हातात आल्यावर ती द्या. उशीर झाला तर अर्ज दिल्यानंतरही एखादा हप्ता कापला जातो आणि तो परत मिळवायला आणखी एक अर्ज लिहावा लागतो.

पायरी पाचवी: अर्ज

पत्र एका पानाचे असावे. अडचणीची कहाणी एका वाक्यात संपवा. कागदपत्रांचे पुरावे लागतात ते विलंब शुल्क माफ करणे, मुदत वाढवून देणे अशी सवलत मागताना. पेड-अपला ते लागत नाहीत. कंपनीचा छापील फॉर्म असेल तर तो भराच, पण हे पत्रही सोबत जोडा, कारण फॉर्ममध्ये कर्जातून हप्ता भरू नये असे लिहायला सहसा जागा नसते.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (कंपनीचे नाव, शाखा, पत्ता)
>
> दिनांक:
>
> विषय: एंडोमेंट पॉलिसी क्र. ______ पेड-अप करण्याबाबत
> संदर्भ: आपले दि. ______ चे कोटेशन
>
> महोदय/महोदया,
>
> मी वरील पॉलिसीचा/ची धारक आहे. पॉलिसीची विमा रक्कम ______ असून ती दि. ______ रोजी सुरू झाली. आजवर एकूण ______ हप्ते भरले आहेत. शेवटचा हप्ता दि. ______ रोजी भरला.
>
> नोकरी गेल्यामुळे माझे नियमित उत्पन्न थांबले असून यापुढचे हप्ते भरणे मला शक्य नाही. म्हणून दि. ______ रोजी देय होणारा हप्ता न भरता, पॉलिसीच्या कलम ______ नुसार ही पॉलिसी पेड-अप करावी, ही विनंती.
>
> कृपया पुढील बाबींची नोंद घ्यावी.
>
> 1. यापुढील कोणताही हप्ता पॉलिसीच्या मूल्यातून कर्ज म्हणून भरू नये. अशी तरतूद माझ्या पॉलिसीस लागू असल्यास ती या पत्रान्वये रद्द समजावी.
> 2. मला मुदतीपर्यंतची पेड-अप पॉलिसी हवी आहे. पूर्ण रकमेचे मर्यादित काळाचे संरक्षण नको आहे.
> 3. आपल्या कोटेशननुसार पेड-अप रक्कम ______ आणि जमा बोनस ______ आहे. यात फरक असल्यास नोंद करण्यापूर्वी मला लेखी कळवावे.
> 4. पॉलिसीवर ______ कर्ज व ______ व्याज बाकी असल्याची मला कल्पना आहे. व्याज भरण्याची पद्धत व पुढील देय तारीख कळवावी.
> 5. विमा संरक्षण कमी होते, पुढील बोनस मिळत नाही व रायडर संपतात, हे मी समजून घेतले आहे.
>
> पेड-अपची नोंद झाल्याचे एंडोर्समेंट किंवा पत्र मला पाठवावे. त्यात पेड-अप रक्कम, जमा बोनस, अमलाची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, नोंदवलेल्या नॉमिनीचे नाव व पॉलिसी पूर्ववत करण्याची अंतिम तारीख नमूद करावी.
>
> आपला/आपली विश्वासू,
> (सही, कंपनीच्या नोंदीत आहे तशीच)
> (पूर्ण नाव, पत्ता, फोन)
>
> सोबत: ओळखपत्राची प्रत, शेवटच्या हप्त्याच्या पावतीची प्रत, कोटेशनची प्रत, असाइनमेंट असल्यास संमतीपत्र.

यातला दुसरा मुद्दा तुमच्या पॉलिसीत तशी तरतूद नसली तरी राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. पाचवा मुद्दा काही जण गाळतात. तो ठेवलेला बरा, कारण “ग्राहकाला समजावून सांगायचे आहे” या नावाखाली अर्ज बाजूला पडून राहत नाही. संमतीपत्राचा मुद्दा तारण पॉलिसीलाच लागू आहे. मूळ बॉण्ड एंडोर्समेंटसाठी मागितला तर तो देताना बॉण्डचा क्रमांक लिहिलेली पोच घ्या, आणि सगळ्या पानांची प्रत आधी काढून ठेवा.

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसत्या सहीने भागत नाही, कारण ती कोणाची आणि कधीची हे नंतर सिद्ध करता येत नाही. टपालाने पाठवायचे असेल तर नोंदणीकृत पाठवा आणि पोच जपून ठेवा.

पायरी सहावी: उत्तर आल्यावर

कंपनीचे पत्र आले की ते फाईलमध्ये टाकण्याआधी कोटेशनशी ताडून पाहा. हप्त्यांची संख्या बरोबर आहे का? जमा बोनसमध्ये शेवटच्या वर्षाचा बोनस धरला आहे का? बहुतेक चुका इथे सापडतात, कारण त्या वर्षाचा बोनस जाहीर व्हायचा असतानाच पेड-अपची नोंद होते आणि तो सुटून जातो. नॉमिनीचे नाव आजच्या परिस्थितीशी जुळते का? नॉमिनी म्हणून आईचे नाव असेल आणि ती आता हयात नसेल, तर तो बदल याच वेळी करून घ्या.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आले नाही तर पोचेचा क्रमांक देऊन लेखी स्मरणपत्र पाठवा. त्यानंतरही काही झाले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याच्याकडे जाताना पहिल्या पत्राची शिक्का असलेली प्रत सोबत असली पाहिजे, नाहीतर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

दिवस पालटले आणि हप्ते पुन्हा भरता येऊ लागले, तर ठरावीक काळाच्या आत पॉलिसी पूर्ववत करता येते. त्यासाठी थकलेले सगळे हप्ते आणि त्यांवरचे व्याज भरावे लागते, आणि बहुधा प्रकृतीचा दाखला किंवा वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. मधल्या काळात मधुमेह किंवा हृदयविकार निघाला तर कंपनी नकार देऊ शकते किंवा जादा हप्ता लावू शकते. म्हणून ती अंतिम तारीख पत्रातून उचलून कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या सहा महिने आधी एकदा पूर्ववत करण्याच्या खर्चाचे कोटेशन मागवा. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना दोन वर्षांनी नवे काम मिळाले असे धरले, तर त्यांना नववा आणि दहावा असे दोन हप्ते, म्हणजे 52,000 आणि वर व्याज भरावे लागेल. त्याच दिवशी अकरावा हप्ताही देय झाला असेल तर तोही. एवढी रक्कम एकदम उभी करता येत नसेल, तर पूर्ववत करण्याचा नाद सोडून पेड-अप तशीच ठेवावी आणि जमेल तसा पैसा पॉलिसीवरचे 60,000 चे कर्ज व्याजासह फेडण्यात घालावा. मुदतीअखेरीस 3,60,000 अख्खे हातात यावेत यासाठी तेवढे पुरेसे आहे.